लॅम्डा २९ वर्षं गप्प कसा राहिला

१९२२ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला गेला. त्याला के-१२ हे नाव मिळालं. हा वाण निरुपद्रवी आणि वाढवायला सोपा, म्हणून तो टिकून राहिला. १९४० च्या दशकात एडवर्ड टेटम यांनी तो जनुकांच्या अभ्यासासाठी घेतला आणि १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी टेटम यांच्यासोबत जिवाणूंमध्येही संकर होतो हे त्याच्यावरच दाखवलं. इतक्या हातांतून गेलेल्या या वाणाच्या प्रत्येक पेशीत एक विषाणू बसलेला होता आणि तो कुणालाच दिसला नव्हता.

तो दिसला १९५१ मध्ये, विस्कॉन्सिनमध्ये एस्थर लेडरबर्ग यांना. अतिनील किरणांचा मारा दिलेल्या के-१२ च्या एका उपवाणातून हा विषाणू योगायोगाने निघून गेला होता. तो उपवाण मूळ के-१२ सोबत एकाच प्लेटवर वाढवला, तेव्हा जिवाणूंच्या थरात कुरतडल्यासारखी भोकं पडली. जिवाणूंना लागणारा विषाणू म्हणजे फेज. तो जिथे पेशी फोडतो तिथे जी भोकं पडतात, ज्यांना आपण प्लाक म्हणतो, ती हीच. या फेजला त्यांनी लॅम्डा हे नाव दिलं.

मला या प्रकरणात दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि ते एकमेकांना चिकटलेले आहेत. हा फेज पिढ्यानपिढ्या इतका शांत कसा राहतो? आणि इतका शांत राहणारा फेज अतिनील प्रकाश पडल्यावर तास-दीड तासात पेशी फोडून शंभरेक नवे फेज बाहेर कसा सोडतो? पक्की बसलेली कडी सहसा काढायलाही जड जाते. इथे कडी पक्की आहे आणि तरी एका झटक्यात निघते.

आधी, तो दिसला का नाही

लॅम्डा हा 'टेंपरेट' फेज आहे. पेशीत शिरल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली लायसिसची: स्वतःच्या प्रती काढायच्या आणि ३७ अंशांवर पाऊण तासाच्या आसपास पेशी फोडायची. दुसरी लायसोजेनीची: आपला डीएनए पेशीच्या गुणसूत्रात, गॅल आणि बायो या जनुकांच्या मध्ये, एका ठरलेल्या जागी शिवून टाकायचा आणि गप्प राहायचं. शिवलेल्या स्थितीतल्या फेजला प्रोफेज म्हणतात आणि तो बाळगणाऱ्या पेशीला लायसोजेन. पेशी विभागली की प्रोफेजचीही प्रत निघते आणि दोन्ही लेकींना मिळते.

ही शांतता शंभर टक्के नसते. लायसोजेनच्या नेहमीच्या वाढीतही हजारो पेशींमागे एखादी आपोआप फुटते. त्यामुळे भरघोस वाढलेल्या कल्चरच्या एका मिलीलिटरमध्ये सुटे फेज लाखांच्या घरात सापडू शकतात. म्हणजे १९५१ च्या आधीही के-१२ च्या प्रत्येक नळीत लॅम्डाचे कण तरंगत होते. पण ते कण ज्या पेशीत शिरत तिच्यात आधीच एक प्रोफेज असे, आणि लायसोजेन पेशीवर त्याच जातीच्या नव्या फेजचं काही चालत नाही. शिकार होण्याजोगी पेशीच आसपास नव्हती, म्हणून प्लाक नव्हते. एस्थर लेडरबर्ग यांच्या प्लेटवर अशी पेशी पहिल्यांदा शेजारी आली.

नव्या फेजचं तिथे का चालत नाही, याचा सगळ्यात देखणा पुरावा पॅरिसमध्ये मिळाला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि एली वोलमन लायसोजेन नर पेशींचा संकर प्रोफेज नसलेल्या माद्यांशी लावत होते. संकरात नराचा डीएनए धाग्यासारखा मादीत सरकतो. प्रोफेज असलेला तुकडा मादीत पोहोचला की मादी फुटायची. मादी स्वतः लायसोजेन असेल तर काहीच व्हायचं नाही. उलटा संकर, म्हणजे नराकडे प्रोफेज नाही आणि मादीकडे आहे, तोही शांतपणे पार पडायचा. पहिल्या आणि दुसऱ्या संकरात आत जाणारा प्रोफेज तोच आहे. फरक आहे तो ज्या पेशीत जातो तिच्या पेशीद्रवात. लायसोजेनच्या पेशीद्रवात प्रोफेजला दाबून ठेवणारं काहीतरी विरघळलेलं असतं, आणि नराकडून डीएनए जातो तेव्हा ते काहीतरी सोबत जात नाही. त्या पदार्थाला रिप्रेसर हे नाव पडलं.

१९४६ चे संकर का फसले नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. तेव्हाचे दोन्ही पालक के-१२ चेच, म्हणजे दोघेही लायसोजेन होते.

रिप्रेसर कुठे बसतो

रिप्रेसर बनवणाऱ्या जनुकाला सी-वन म्हणतात. डेल कायझर यांनी १९५७ मध्ये स्वच्छ, काचेसारखे प्लाक देणारे लॅम्डाचे उत्परिवर्ती फेज अभ्यासले, त्यातून सी-वन, सी-टू आणि सी-थ्री ही नावं आली. साध्या लॅम्डाचा प्लाक मध्यभागी धूसर असतो, कारण तिथे वाचलेले लायसोजेन पुन्हा वाढतात. सी-वन बिघडलं की लायसोजेन होतच नाही आणि प्लाक आरपार स्वच्छ दिसतो. प्रत्यक्ष प्रथिन हाती यायला १९६७ उजाडलं. हार्वर्डमध्ये मार्क टाश्नी यांनी ते वेगळं केलं, आणि ते लॅम्डाच्या डीएनएला चिकटतं पण ज्याचा रिप्रेसर-भाग ४३४ या भाऊबंद फेजकडून घेतलाय अशा संकरित लॅम्डाच्या डीएनएला चिकटत नाही, हेही दाखवलं.

हे प्रथिन २३६ अमिनो आम्लांचं आहे. डंबेलसारखं: एका टोकाचा गोळा डीएनए पकडतो, दुसऱ्या टोकाचा गोळा दुसऱ्या रिप्रेसरला पकडतो आणि मध्ये लवचिक दांडा. दोन रेणू मिळून जोडी होते आणि डीएनएवर बसते ती जोडी.

आता त्या डीएनएकडे नीट पाहू. सी-वन जनुक एका दिशेला वाचलं जातं आणि त्याच्या शेजारचं क्रो नावाचं जनुक विरुद्ध दिशेला. दोघांचे प्रमोटर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज जिथून वाचायला सुरुवात करतं त्या जागा, पाठीला पाठ लावून आहेत. क्रोच्या बाजूचा प्रमोटर लायसिसच्या वाटेवरची दारं उघडतो, सी-वनच्या बाजूचा रिप्रेसर बनवत राहतो. या दोघांमधल्या जागेत रिप्रेसरच्या जोडीला बसायच्या तीन जागा आहेत, प्रत्येकी १७ बेस-जोड्यांच्या. क्रोच्या बाजूची पहिली, मधली दुसरी, सी-वनच्या बाजूची तिसरी.

एकटी जोडी पहिल्या जागेला दुसऱ्या किंवा तिसऱ्यापेक्षा दहापट किंवा त्याहून अधिक घट्ट धरते. पण ती तिथे बसली की तिच्या वरच्या गोळ्याला शेजारच्या दुसऱ्या जागेवरची जोडी हात देते आणि तीही लगेच स्थिरावते. लायसोजेनमध्ये नेहमीचं चित्र हेच: पहिली आणि दुसरी जागा भरलेली, तिसरी बहुतांशी मोकळी. या एका बैठकीतून दोन कामं होतात. क्रोचा प्रमोटर झाकला जातो, म्हणून लायसिस बंद. आणि दुसऱ्या जागेवरची जोडी शेजारून सी-वनच्या प्रमोटरवर आलेल्या पॉलिमरेजला टेकू देते, त्यामुळे तो कमजोर प्रमोटर सुमारे दहापट जोमाने चालतो. रिप्रेसर स्वतःच स्वतःचं उत्पादन चालू ठेवतो. पेशी विभागली तरी शांतता टिकते ती यामुळे. सुरुवातीचा धक्का कधीच संपलेला असतो.

थोडं गणित

झटका कुठून येतो हे समजायला मला नेहमी आकडे मांडावे लागतात. हे आकडे सोपे करून घेतलेले आहेत. खऱ्या पेशीत दाब याहून अधिक असतो, पण तर्क तोच राहतो.

लायसोजेनमध्ये रिप्रेसरचे सुमारे २०० रेणू असतात. समजा त्यांच्यामुळे क्रोचा प्रमोटर ९९ टक्के वेळ झाकलेला आहे. आता विचारू, तो निम्मा वेळ उघडा पडण्यासाठी किती रेणू नष्ट व्हायला हवेत?

रिप्रेसर एकेकटा येऊन बसत असता, तर झाकलेल्या आणि उघड्या वेळेचं प्रमाण थेट रेणूंच्या संख्येवर अवलंबून राहिलं असतं. ९९ ला १ वरून १ ला १ वर यायला संख्या ९९ पट कमी व्हावी लागली असती. २०० पैकी १९८ गेले तरच कडी अर्धी निघणार. इतका विध्वंस होईपर्यंत यजमान पेशी मरून जायची.

पण रिप्रेसर जोडीने बसतो, म्हणून हे प्रमाण संख्येच्या वर्गावर जातं. ९९ चं वर्गमूळ जवळपास १०. म्हणजे २०० वरून २० पर्यंत घसरण पुरते. त्यात दोन जोड्या एकमेकींच्या हातात हात घालून बसतात, म्हणून घात चारच्या दिशेने सरकतो. घात चार धरला, तर ९९ चं चौथं मूळ ३.१५. मग २०० वरून ६३ वर येणं पुरेसं आहे. एकट्याने बसणाऱ्याला शेवटपर्यंत पुसून काढावं लागतं, चौघांच्या साखळीतले दोन-तृतीयांश गेले की साखळी सुटते.

इथे एक अडचण उभी राहते आणि बरीच वर्णनं ती वगळून पुढे जातात. कडी इतकी नाजूक असेल, तर नशिबाने एखाद्या पेशीत रेणू निम्मे झाले तर? घात चार धरून १०० रेणूंसाठी तेच गणित करा: झाकलेला वेळ ९९ वरून ८६ टक्क्यांवर येतो. एकट्याने बसणाऱ्या रिप्रेसरच्या बाबतीत तो ९८ टक्के राहिला असता. म्हणजे झटक्याची किंमत म्हणून स्थिरता जायला हवी होती. ती जात नाही, कारण तिसरी जागा आहे.

रिप्रेसर वाढला की तो तिसऱ्या जागेवरही बसतो आणि स्वतःचाच प्रमोटर झाकतो. अॅडलेडमधल्या इयन डॉड आणि बॅरी ईगन यांच्या गटाने २००१ च्या सुमारास दाखवलं, की हे केवळ अतिरेक झाल्यावर घडत नाही. सुमारे २,४०० बेस-जोड्या दूर, डाव्या बाजूला, रिप्रेसरच्या अशाच तीन जागांचा आणखी एक संच आहे. दोन्हीकडच्या जोड्या एकमेकींना धरतात, मधला डीएनए फासासारखा वळतो आणि तिसऱ्या जागेवर बसणं सोपं होतं. त्यामुळे नेहमीच्या पातळीवरही रिप्रेसरचं उत्पादन थोडं आवळून धरलेलं असतं. रेणू घटले की ही आवळ ढिली पडते, उत्पादन वाढतं आणि घट भरून निघते.

याच गटाने तिसरी जागा बिघडवून पाहिली. रिप्रेसरवरचा लगाम गेला, तो वाढला, आणि अशा लायसोजेनला अतिनील प्रकाश दिल्यावर प्रोफेज नीट जागा होईना. त्यामुळे माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिसऱ्या जागेत आहे. ती रिप्रेसरला कड्याच्या अलीकडे, पण फार मागे नाही, अशा ठिकाणी उभा ठेवते.

अतिनील प्रकाश पडतो तेव्हा

आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० मध्ये पॅरिसला बॅसिलस मेगाटेरियमच्या लायसोजेनवर अतिनील प्रकाश टाकून जवळजवळ सगळ्या पेशी एकदम फोडून दाखवल्या. लॅम्डाही तसाच वागतो. डीएनएला इजा झाली की पेशीतलं रेकए हे प्रथिन उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर गुंडाळलं जातं. पेशीचं स्वतःचं दुरुस्तीचं काम लेक्सए नावाच्या दुसऱ्या एका रिप्रेसरने दाबून ठेवलेलं असतं. गुंडाळलेलं रेकए लेक्सएला स्वतःला कापून घ्यायला भाग पाडतं आणि दुरुस्ती सुरू होते. लॅम्डाने हाच संकेत पकडला आहे. त्याचा रिप्रेसरही रेकएच्या संगतीत स्वतःला कापतो, दांड्यामध्ये, १११ व्या अॅलनिन आणि ११२ व्या ग्लायसिनच्या मधोमध. जेफ्री आणि क्रिस्टीन रॉबर्ट्स यांनी हे तुटणं १९७५ मध्ये दाखवलं. रेकए स्वतः कात्री चालवत नाही, कात्री रिप्रेसरच्याच अंगात आहे, हे पुढे जॉन लिटल यांच्या कामातून कळलं.

दांडा तुटला की डीएनए पकडणारा गोळा शाबूत राहतो, पण शेजाऱ्याला हात देणारा गोळा सुटतो. वरच्या गणितातला घात एकदम खाली येतो. रेणूंची संख्या मोजायची झाली तर तुकडे पेशीत पडलेले असतात, पण साखळी उरत नाही.

पहिली जागा मोकळी झाली की क्रोचा प्रमोटर सुरू होतो. क्रोच्या आवडीचा क्रम उलटा आहे, तो आधी तिसऱ्या जागेवर बसतो आणि सी-वनचा प्रमोटर झाकतो. नवा रिप्रेसर येणं थांबतं. पाठ्यपुस्तकं क्रोला इथला मुख्य कर्ता ठरवतात, पण शंकर अध्या आणि डोनाल्ड कोर्ट यांच्या गटांनी २००५ मध्ये दाखवलं, की क्रो नसला तरी प्रोफेज जागा होऊ शकतो. रिप्रेसर पुरेसा नष्ट होणं हीच खरी अट आहे.

नव्या पेशीतला निर्णय

आतापर्यंत बोललो ते आधीच बसलेल्या प्रोफेजबद्दल. पेशीत नुकत्याच शिरलेल्या लॅम्डाकडे रिप्रेसर नसतोच, मग तो लायसोजेनीकडे वळतो कसा? तिथे सी-टू हे प्रथिन निर्णायक ठरतं. ते सी-वनला एका वेगळ्या प्रमोटरवरून पहिला जोरदार धक्का देतं आणि गुणसूत्रात शिवण्याचं काम करणारं प्रथिनही सुरू करतं. पण सी-टू अल्पायुषी आहे. पेशीचं एफटीएसएच हे प्रथिन त्याला मिनिटांत फस्त करतं आणि सी-थ्री हे फस्त करणं थोडं लांबवतं. पेशी उपाशी असेल किंवा तिच्यात एकाच वेळी अनेक फेज शिरले असतील, तर सी-टू टिकतं आणि कौल लायसोजेनीकडे जातो. याचा अर्थ लागतो: फेज जास्त आणि पेशी थोड्या अशा वेळी फोडाफोड करून पुढे शिकार मिळणार नाही.

लॅनयिंग झेंग आणि इडो गोल्डिंग यांनी २०१० मध्ये चमकणारे फेज वापरून एकेका पेशीवर हे पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की आत शिरलेला प्रत्येक फेज आपापला कौल देतो आणि सगळ्यांचा कौल लायसोजेनी आला तरच पेशी लायसोजेन होते. एकाने जरी लायसिस म्हटलं तर पेशी फुटते.

प्रयोग कुठे फसतो

लायसोजेन ओळखून अतिनील प्रकाशाने तिच्यातला प्रोफेज जागा करण्याचं प्रात्यक्षिक करणाऱ्यांची गाडी दोन ठिकाणी हमखास अडते. पहिलं ठिकाण: धूसर प्लाकमधून उचललेली पेशी लॅम्डाला दाद देत नाही, एवढ्यावरून तिला लायसोजेन म्हणून टाकणं. लॅम्डा पेशीवर उतरतो तो लॅमबी या माल्टोज आत घेणाऱ्या प्रथिनावर. ते प्रथिनच बिघडलेली पेशीही लॅम्डाला दाद देत नाही, पण तिच्यात प्रोफेज नसतो. ओळखायचं असेल तर तिच्यावर ४३४ चा रिप्रेसर-भाग असलेला संकरित लॅम्डा घाला. तो उतरतो लॅमबीवरच, पण त्याला लॅम्डाचा रिप्रेसर दाबू शकत नाही. खरी लायसोजेन पेशी त्याने फुटेल, लॅमबी गमावलेली फुटणार नाही.

दुसरं ठिकाण अतिनील दिव्याखाली. पेशी पोषक रसातच ठेवल्या, तर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश रसच शोषून घेतो. म्हणून त्या खाली बसवून मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात घ्याव्यात, उघड्या पेट्री डिशमध्ये पातळ थर करावा आणि झाकण आठवणीने काढावं, कारण ते हा प्रकाश अडवतं. यानंतर डिश अंधारात ठेवावी लागते. दृश्य प्रकाशात पेशीचं एक एन्झाइम डीएनएवरची इजा थेट उलटवतं, मग रेकएला संकेतच मिळत नाही आणि फेज येत नाहीत. मी स्वतः एकदा झाकण काढलं, वेळ मोजली आणि डिश खिडकीपाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी नळी तशीच दाट होती.

आपल्याकडे बायोटेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळांमध्ये जेलवर मोजपट्टी म्हणून जो लॅम्डा डीएनए धावतो, हिंड-थ्रीने कापलेला, एकूण ४८,५०२ बेस-जोड्यांचा, तोही बहुधा असाच एक प्रोफेज जागा करून काढलेला असतो. मात्र तिथे प्रकाश वापरत नाहीत. त्या फेजच्या लेबलवर तीन उत्परिवर्तनं लिहिलेली असतात आणि वरचं सगळं प्रकरण त्यांत वाचता येतं. सी-वन ८५७ चा रिप्रेसर ३० अंशांच्या आसपास नीट बसतो आणि ४२ अंशांवर विस्कटतो. इंड-१ मुळे तो रेकएच्या संगतीत स्वतःला कापत नाही, म्हणून वाढीच्या काळात एखाद्या पेशीच्या डीएनएला इजा झाली तरी प्रोफेज अवेळी उठत नाही. सॅम-७ ने पेशी फोडणारं एस हे प्रथिन निकामी केलेलं असतं. कल्चर थंड वाढवायचं, काही मिनिटं ४२ अंशांवर न्यायचं, मग ३७ ते ३८ वर हलवत ठेवायचं. पेशी न फुटता आतल्या आत फेजने भरत जातात, आणि नमुन्यात क्लोरोफॉर्मचा थेंब टाकला की गढूळ नळी डोळ्यांदेखत निवळते.